तीस लाखांची चूक लहान की मोठी?

चारशे रुपयांची कचऱ्याची टोपली दहा वर्षं टिकते. काटेकोर नियमाने तिची किंमत दहा वर्षांत विभागून दरवर्षी चाळीस रुपये घसारा दाखवायला हवा. पण कोणताही अकाउंटंट तसं करत नाही. तो पूर्ण रक्कम त्याच वर्षी खर्ची टाकतो, कारण त्याने कुणाचाही निर्णय बदलत नाही. हेच ‘मटेरियालिटी’चं तत्त्व. जी चूक किंवा जी लपवलेली माहिती ताळेबंद वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकते, ती महत्त्वाची. म्हणूनच 100 कोटी किंवा त्याहून जास्त एकूण उत्पन्नाच्या कंपन्यांना आपल्याकडे आकडे लाखांत, दशलक्षांत किंवा कोटींत छापायला कायद्यानेच सांगितलं आहे.

मग मर्यादा ठरते कशी? एक काल्पनिक कारखाना घेऊ. करपूर्व नफा 10 कोटी. अशा कंपनीसाठी ऑडिटर बहुतेकदा नफ्याच्या सुमारे 5 टक्के, म्हणजे 50 लाख, ही मर्यादा धरतात. प्रत्यक्ष तपासणी मात्र त्याहून कमी रकमेवर बेतलेली असते, कारण बारा-बारा लाखांच्या पाच चुका एकाच दिशेने झाल्या तर बेरीज 60 लाख होते.

आता समजा, गोदामातल्या मालाची किंमत 30 लाखांनी जास्त दाखवली गेली. नफ्याच्या मानाने ही चूक 3 टक्के, मर्यादेच्या आत. पण कर्ज देताना बँकेने अट घातली आहे की चालू मालमत्ता चालू देण्यांच्या किमान 1.25 पट असावी. देणी 50 कोटी, मालमत्ता 62.60 कोटी, म्हणजे प्रमाण 1.252. चूक दुरुस्त केली की मालमत्ता 62.30 कोटींवर येते आणि प्रमाण 1.246 होतं. अट मोडली! आता बँक कर्ज परत मागू शकते. तीच 30 लाखांची चूक आता महत्त्वाची ठरली.

अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे ‘एसईसी’ने, 1999 मध्ये हेच बजावलं होतं. केवळ 5 टक्क्यांच्या आत आहे म्हणून चूक सोडू नका; तिने तोट्याचा नफा होतो का, कर्जाची अट सांभाळली जाते का, अधिकाऱ्यांचा बोनस वाढतो का, बेकायदा व्यवहार झाकला जातो का, तेही पाहा.

ऑडिटरची मर्यादा आपल्याकडच्या ऑडिट अहवालात सहसा छापलेली नसते. म्हणून वाचकाने स्वतः अंदाज बांधावा: करपूर्व नफ्याचे 5 टक्के काढावेत आणि त्याहून मोठ्या रकमा आधी वाचाव्यात. त्यानंतर टिपांमध्ये कर्जाच्या अटी आणि संचालकांच्या नातलगांशी किंवा त्यांच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार शोधावेत. तिथे मात्र रक्कम लहान आहे म्हणून पान उलटू नये.