गोळीच्या नावातला ‘एच’
वॉर्डातले नियम : भाग ७

आजींच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर पालथी केली तेव्हा तिच्यातून सहा स्ट्रिपा निघाल्या. बीपीच्या गोळीचं नाव मुलाला तोंडपाठ होतं. पण स्ट्रिपवर त्या नावाला लागून एक ‘एच’ छापलेला होता, त्याकडे त्याचं कधी लक्ष गेलं नव्हतं. हा एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. लघवीवाटे मीठ बाहेर काढून रक्तदाब उतरवणारं हे औषध बीपीच्या दुसऱ्या गोळीत मिसळलेलं असतं, त्यामुळे पेशंटला आपण ते घेतो हेच माहीत नसतं. आणि अठरा दिवसांपूर्वी आजींना नैराश्यासाठी सर्ट्रालिन सुरू झालं होतं.

आजींचं वय ७४, वजन ४६ किलो. सर्ट्रालिनच्या पहिल्या आठवड्यात त्यांना थोडं बरं वाटत होतं. दुसरा आठवडा संपताना त्यांनी जेवण टाकलं, दिवसभर पडून राहू लागल्या, काहीही दोनदा विचारावं लागे, आणि एका सकाळी बाथरूममध्ये तोल जाऊन पडल्या. मुलाने दवाखान्यात फोन केला. तिकडून उत्तर आलं की नैराश्य वाढलेलं दिसतंय, ५० मिलिग्रॅमची गोळी १०० करा. दोन दिवसांनी त्या आमच्या वॉर्डात होत्या आणि रिपोर्टवर सोडियम १२१ होतं. नॉर्मल असतं १३५ ते १४५.

या भागातला सगळ्यात महत्त्वाचा नियम या फोनवरूनच सांगता येतो. साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाला नैराश्याची गोळी सुरू होऊन महिना झालेला नाही आणि तो मलूल, गोंधळलेला किंवा तोल जाणारा झाला, तर डोस वाढवण्याआधी सोडियम बघायचं. सोडियम उतरल्याची सुरुवातीची लक्षणं म्हणजे मळमळ, डोकं जड होणं, अन्नावरची वासना जाणं, सुस्ती, विसरभोळेपणा. नैराश्याची लक्षणंही हीच आहेत. दोन्ही एकमेकांपासून वेगळी काढायला रक्ताच्या एका तपासणीखेरीज दुसरा मार्ग नाही, आणि ती तपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते.

हे होतं कसं, ते समजून घेतलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही औषधं मेंदूत सेरोटोनिन वाढवतात. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिनही तेच करतात. सेरोटोनिन वाढलं की काही जणांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून पाणी धरून ठेवणारा हॉर्मोन गरज नसताना पाझरत राहतो. मग मूत्रपिंडं पाणी सोडत नाहीत. माणूस नेहमीइतकंच पाणी पितो, पण ते अंगात साठतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. नातेवाईक म्हणतात, ‘अंगातलं मीठ कमी झालंय.’ खरं तर बहुतेक वेळा मीठ फारसं गेलेलं नसतं, पाणी जास्त झालेलं असतं. म्हणूनच लिंबूसरबतात चमचाभर मीठ घालून पाजत राहिल्याने काम होत नाही, कारण त्या सरबतात पाणीच जास्त असतं.

थायझाइडचा घाव दुसऱ्या जागी बसतो. पातळ लघवी तयार करण्यासाठी मूत्रपिंडाचा जो भाग लागतो, तोच ते बंद पाडतं. एका औषधाने पाणी सोडू नका असा निरोप धाडायचा आणि दुसऱ्याने पाणी सोडण्याचं यंत्रच बंद करायचं, अशी ही जोडी आहे. म्हातारपणी मूत्रपिंडांची ताकद आधीच उतरलेली असते. बाई, वय जास्त, वजन कमी आणि बीपीच्या गोळीत थायझाइड, असा पेशंट आला की माझी पहिली नजर स्ट्रिपच्या नावाकडे जाते. क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड हीसुद्धा याच कुळातली. याआधी कधी सोडियम उतरलं असेल तर धोका आणखी वाढतो. फिट्सच्या औषधांपैकी कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन यांच्याबरोबर तर फार जपावं लागतं. गोळीचा डोस कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, हे पहिल्याच डोसावर होताना मी पाहिलं आहे.

आता तपासणीचं वेळापत्रक. गोळी सुरू करण्याआधी एक सोडियम हवंच, नाहीतर पुढचा आकडा कशाशी ताडून पाहायचा? त्यानंतर दोन आठवड्यांनी आणि चार आठवड्यांनी. धोका मोठा असेल तर पुढे दर तीन महिन्यांनी. थायझाइड खरोखरच बंद करता येत नसेल, तर आमच्या वॉर्डात पहिली तपासणी सातव्या दिवशीच करतो. डोस वाढवला किंवा लघवीचं नवं औषध जोडलं की हे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. हा त्रास होतो तो बहुधा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत, म्हणून सगळा भर तिथे आहे. एक गोष्ट सिस्टरांनी माझ्या डोक्यात पक्की बसवली. ‘दोन आठवड्यांनी’ असं लिहायचं नाही, डिस्चार्ज कार्डावर तारीख घालायची. तारीख असली की नातेवाईक येतात.

आकडा हातात आला की काय करायचं? १३० ते १३४ असेल आणि पेशंट ठणठणीत असेल, तर थायझाइड काढून दुसरी बीपीची गोळी द्यावी आणि तीन-चार दिवसांत सोडियम पुन्हा पाहावं. १३६ वरून १३१ वर आलेला माणूस आणि वर्षभर १३१ वरच असलेला माणूस एक नव्हे. १३० च्या खाली गेलं की नैराश्याची ती गोळी थांबवण्याचा विचार मनोविकारतज्ज्ञांशी बोलून त्याच दिवशी करायचा आणि सोडियम रोज पाहायचं. १२५ च्या खाली, किंवा आकडा कितीही असला तरी गुंगी, उलट्या, झटके असतील, तर ॲडमिट. तिथे वाट पाहणं नाही.

आजींच्या बाबतीत आमच्या हातून पहिल्याच रात्री चूक झाली, आणि ती सगळीकडे होते म्हणून सांगतो. मुलगा काकुळतीला येऊन म्हणाला, ‘डॉक्टर, आईला एक सलाईन लावा ना, तरतरी येईल.’ ड्युटीवरच्या रेसिडेंटनेही सोडियम कमी म्हणजे मीठ द्यायला हवं असं समजून साधं सलाईन एक लिटर रात्रभर सोडलं. सकाळी सोडियम १२१ वरून ११८ वर आलं आणि आजी जास्त गुंगीत गेल्या.

मीठ देऊन सोडियम उतरलं कसं? एक लिटर साध्या सलाईनमध्ये विरघळलेल्या कणांचं माप असतं ३०८. आजींच्या लघवीची घनता, म्हणजे ऑस्मोलॅलिटी, आली होती ६०० च्या आसपास. मूत्रपिंडांनी ते सगळं मीठ बाहेर टाकलं, पण ते इतक्या घट्ट लघवीत की त्याला अर्धा लिटर पाणी पुरलं. उरलेलं अर्धा लिटर निव्वळ पाणी अंगात राहिलं. ४६ किलोच्या वयस्क बाईच्या शरीरात सुमारे २१ लिटर पाणी असतं. त्यात अर्ध्या लिटरची भर पडली की सोडियम जवळजवळ तीन अंकांनी उतरतं, आणि तेवढंच उतरलं. म्हणून नियम असा, की सलाईन लावण्याआधी लघवीचा नमुना लॅबला जायलाच हवा. उलट्या-जुलाबांनी खरोखर कोरड्या पडलेल्या पेशंटला साधं सलाईनच उपयोगी पडतं. त्याच्या लघवीत सोडियम बहुधा कमी असतं. पाणी धरून बसलेल्यांत ते ३० च्या वर राहतं. थायझाइड चालू असेल तर मात्र हा आकडा फसवतो, तेव्हा जीभ, नाडी आणि उभं राहिल्यावरचं बीपी पाहून ठरवावं लागतं. रक्तातली साखर, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल हे याच वेळी तपासून घ्यावेत.

आजी गुंगीत होत्या, म्हणून तीन टक्क्यांचं तीव्र सलाईन १०० मिलिलिटर, वीस मिनिटांत, मॉनिटर लावून दिलं. पूर्ण वाढलेल्या माणसाला १५० देतात, पण कमी वजनाला किलोमागे दोन मिलिलिटर हा हिशोब सुरक्षित. हिशोबाने १.८ अंक चढायला हवं होतं. तासाभराने सोडियम १२० आलं आणि आजींनी हाकेला नीट ‘ओ’ दिली. चार ते सहा अंकांची चढण मेंदूची सूज उतरायला पुरते, आकडा नॉर्मल करण्याची घाई कुणीही करू नये.

खरा धोका यापुढे असतो. सर्ट्रालिन आणि थायझाइड दोन्ही थांबवलं की हॉर्मोनचा जोर ओसरतो आणि मूत्रपिंडं साठवलेलं पाणी एकदम सोडू लागतात. दोन दिवसांहून अधिक काळ कमी सोडियमला जुळवून घेतलेल्या मेंदूच्या पेशी अशा वेळी आक्रसतात, आणि मेंदूच्या देठातल्या मज्जातंतूंचं आवरण झिजतं. पेशंट आधी सुधारतो आणि काही दिवसांनी बोलणं जड होतं, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. म्हणून चोवीस तासांत दहा अंकांच्या वर चढू द्यायचं नाही. पोटॅशियम कमी, कुपोषण, दारू किंवा लिव्हरचा आजार असेल तर आठच. आजींचं पोटॅशियम ३.२ होतं, म्हणजे आमची मर्यादा १२६.

ही चढण सर्वांत आधी लघवीच्या पिशवीत दिसते. दुपारी तीनला मावशी पिशवी रिकामी करताना म्हणाल्या, ‘सिस्टर, ही तासाभरातच भरली.’ मोजलं तर २५० मिलिलिटर. तासाला १०० च्या वर लघवी सुरू झाली की सहा तासांची तपासणी चार तासांवर आणायची, हे आमच्या चार्टवर तेव्हापासून लिहिलेलं आहे. सोडियम १२४ होतं. लगेच पाच टक्के डेक्स्ट्रोज सुरू केलं. लघवी तरीही आवरली नसती तर डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन तयार ठेवलं होतं. पोटॅशियमही बेताने दिलं, कारण त्यानेही सोडियम चढतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा १२६.

त्यानंतर उरलं पाणी मोजणं, दिवसाला एक लिटरच्या आत. आमच्या सिस्टर सकाळी एक लिटरची बाटली भरून पलंगाशी ठेवतात. चहा दिला तर तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाकायचं, पेज दिली तर तेवढंच. बाटली रिकामी म्हणजे दिवसाचा वाटा संपला. शहाळ्याचं पाणीही यात धरायचं, नातेवाईक ते पाणी समजतच नाहीत. कोरड्या पडलेल्या पेशंटला ही बंदी लावायची नाही. चौथ्या दिवशी सोडियम १३१ आणि नवव्या दिवशी १३६ झालं. सर्ट्रालिनच्या जागी फ्लुओक्सेटिन असतं तर जास्त वाट पाहावी लागली असती, कारण ते अंगातून जायला आठवडे घेतं.

नैराश्य मात्र तसंच होतं, आणि ते उपचाराविना सोडून चालणार नव्हतं. मनोविकारतज्ज्ञांनी रात्री मिर्टाझापिन साडेसात मिलिग्रॅम सुरू केलं. त्यात हा धोका कमी असतो, पण अजिबात नाही असं नव्हे, म्हणून तारखा पुन्हा घातल्या. बीपीसाठी नुसतं ॲम्लोडिपिन. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं : ‘सर्ट्रालिन आणि थायझाइडवर सोडियम ११८. पुन्हा देऊ नये.’

चौथ्या आठवड्याच्या तारखेला मुलगा आईला घेऊन आला. आजी स्वतः चालत आल्या. सोडियम १३७ होतं. मुलाने खिशातून बीपीची नवी स्ट्रिप काढून माझ्यासमोर धरली आणि नावापुढे काही अक्षर आहे का, ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं.