जॉबवर्कला गेलेल्या मालाचा हिशेब

भोसरी किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत गिअर बनवणारे अनेक कारखानदार सगळी कामे स्वतःच्या छपराखाली करत नाहीत. पोलादी बारचे तुकडे बाहेरच्या लेथवाल्याकडे जातात आणि टर्निंग होऊन गिअर ब्लँक म्हणून परत येतात. दात पाडायचे काम अजून बाकी असते, म्हणून हा अर्धतयार माल. लेथवाला फक्त मजुरीचे बिल लावतो, कारण पोलाद त्याने विकत घेतलेले नसते.

माल त्याच्या शेडमध्ये असला तरी मालकी कारखानदाराचीच राहते. म्हणून तो विक्रीच्या बिलावर नव्हे, तर डिलिव्हरी चलनावर पाठवतात आणि ३१ मार्चला कारखानदाराच्याच साठ्यात धरतात. जॉबवाल्याच्या बिलावरचा जीएसटीही मजुरीवरच लागतो, पोलादाच्या किमतीवर नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ७० रुपये किलोचे १,००० किलो पोलाद, अडीच किलोचा एक असे ४०० तुकडे करून पाठवले. प्रत्येकी दोन किलोचे ३९० चांगले ब्लँक परत आले, म्हणजे ७८० किलो. माप चुकलेले १० नग २० किलोचे, लोखंडी किस १९५ किलो. बेरीज ९९५ भरते. उरलेले पाच किलो हाताळणीतली घट म्हणून दोघांनी आधीच मान्य केलेले आहेत. हा वजनाचा ताळा दर खेपेला घ्यायलाच हवा. नग बरोबर मोजले, पण किस परत मागितलाच नाही, तर इथे प्रत्येक खेपेला १९५ किलो माल हिशेबाबाहेर जाईल.

आता किंमत. पोलाद ७०,००० रुपयांचे. त्यातून २१५ किलो भंगाराचे, ३० रुपये दराने, ६,४५० वजा. चांगल्या नगांची मजुरी, नगाला ४० रुपये, १५,६००, वाहतूक १,५८०. एकूण ८०,७३० रुपये भागिले ३९०, म्हणजे एक ब्लँक २०७ रुपयांना पडला. भागाकार ४०० ने केला तर खर्च कमी दिसतो आणि गिअरचा भाव चुकतो.

वाद बहुधा नापास नगांवरून होतो. माप चुकले असेल तर दोष लेथवाल्याचा. त्या नगाची मजुरी मिळत नाही, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे पोलादाची किंमतही त्याच्या बिलातून कापतात. टर्निंग करताना आतली चीर उघडी पडली, तर दोष पोलादाचा. तेव्हा झालेल्या कामाची मजुरी देणेच न्याय्य. हे आधी लिहून ठेवले नसेल तर भरडला जातो तो बहुधा छोटा लेथवाला.

जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार असा कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा जॉबवाल्याच्या जागेवरूनच पुढे विकला जावा लागतो. आयुक्त आणखी एक वर्ष वाढवून देऊ शकतात. तसे झाले नाही, तर माल पाठवला त्याच दिवशी विकला असे मानून करासोबत व्याजही भरावे लागते. साचे, डाय, जिग यांना ही मुदत नाही. म्हणून प्रत्येक परतीच्या चलनावर मूळ चलनाचा क्रमांक लिहितात. कोणत्या खेपेचे किती नग अजून बाहेर आहेत, हे त्यावरूनच कळते.