प्रगत कर्करोगातील उपशामक सेवा

प्रगत कर्करोगातील उपशामक सेवा, अर्थात पॅलिएटिव्ह केअर, ही वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश आणि मानसिक ताण यांवर उपचार करणारी वैद्यकीय सेवा आहे. ती केमोथेरपी, किरणोपचार किंवा संप्रेरक उपचार चालू असतानाच दिली जाते. आयुष्याच्या अखेरच्या काळातील हॉस्पिस सेवा हा तिचा केवळ एक भाग होय. या दोन्ही सेवा एकच समजल्या गेल्याने अनेक रुग्ण उपशामक सेवेकडे फार उशिरा येतात.

== हॉस्पिस सेवेहून भिन्नता ==
आधुनिक हॉस्पिसचा प्रारंभ सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत सुरू झाले. रोगावरील उपचारांचा लाभ संपला, किंवा त्यांचा त्रास लाभाहून अधिक झाला, म्हणजे हॉस्पिस सेवेचा विचार होतो. अमेरिकेतील शासकीय विमा योजनेत त्यासाठी सहा महिने किंवा त्याहून कमी आयुष्याचा वैद्यकीय अंदाज आणि रोग बरा करण्याच्या उपचारांचा त्याग अशा अटी आहेत. उपशामक सेवेला मात्र आयुर्मानाची अट नाही. ती रुग्णाच्या त्रासावरून ठरते, उरलेल्या दिवसांवरून नव्हे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर लगेच उपशामक सेवा मिळालेल्या गटाचे जीवनमान चांगले राहिले आणि नैराश्य कमी आढळले. त्या गटातील मध्यक आयुर्मान ११.६ महिने, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटातील ८.९ महिने होते. हा अभ्यास एका रुग्णालयातील व एकाच प्रकारच्या कर्करोगाचा असल्याने, या सेवेने आयुष्य वाढतेच असा सरसकट निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

== एक काल्पनिक उदाहरण ==
वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथील एका पन्नाशीच्या स्त्रीचा स्तनाचा कर्करोग मणक्यात पसरला आहे, असे मानू. रोग आटोक्यात ठेवण्यासाठी ती संप्रेरक उपचाराच्या गोळ्या घेते, आणि या गोळ्यांनी रोग काही वर्षेही स्थिर राहू शकतो. परंतु पाठदुखीमुळे तिला झोप येत नाही व बसही सोसवत नाही.

साध्या वेदनाशामकांनी आराम न पडल्यास डॉक्टर तोंडावाटे मॉर्फिन सुरू करतात. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून ती दुखणे उसळण्याची वाट न पाहता, घड्याळाप्रमाणे दर चार तासांनी दिली जाते. रात्री झोपमोड टाळण्यासाठी निजताना दुप्पट मात्रा देण्याची पद्धत आहे. मॉर्फिनने बद्धकोष्ठता जवळजवळ निश्चित होते, त्यामुळे रेचक पहिल्या दिवसापासूनच द्यावे लागते. मूत्रपिंडे कमजोर असल्यास औषध शरीरात साठते. अतिरिक्त गुंगी किंवा मंदावलेला श्वास दिसताच डॉक्टरांना कळवावे लागते.

मणक्यावर ८ ग्रे इतका एकच किरणोपचार दिला जातो. पहिल्या काही दिवसांत दुखणे तात्पुरते वाढू शकते आणि आराम पडण्यास काही आठवडे लागतात. आराम पडला की मॉर्फिन हळूहळू कमी करून थांबवता येते, संप्रेरक उपचार मात्र चालूच राहतो. म्हणजे येथे उपशामक औषध सुटते आणि कर्करोगाचे औषध राहते. ‘मॉर्फिन सुरू झाले म्हणजे आशा संपली’ या समजाला हा क्रमच उत्तर आहे.

पायांत अशक्तपणा वा बधिरता आली, किंवा लघवी अडली, तर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर दाब आल्याची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. येथे उशीर झाल्यास पायांची शक्ती परत येईलच असे नाही.

पुढे रोगाने गोळ्यांना दाद दिली नाही, रुग्ण बहुतांश वेळ अंथरुणावर राहू लागली आणि नव्या उपचारांचा त्रासच उरला, तर तिच्या इच्छेने ते थांबवून अखेरच्या काळातील सेवेकडे वळले जाते. वेदनानिवारण मात्र त्यानंतरही सुरू राहते.

== ग्रामीण भागातील मर्यादा ==
आंजीसारख्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्र असले तरी किरणोपचारासाठी मोठ्या रुग्णालयातच जावे लागते. सेवाग्राम येथे १९६९ साली स्थापन झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था याच जिल्ह्यात आहे. मॉर्फिन गावच्या औषध दुकानात सहसा मिळत नाही. अमली पदार्थविषयक कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सुलभ केले. तरीही ते देणारे प्रशिक्षित डॉक्टर जवळ नसल्यास गोळ्या संपण्यापूर्वीच पुढील फेरी ठरवावी लागते. नियमित घेतलेले मॉर्फिन अचानक बंद पडल्यास वेदना परत उसळतात, शिवाय घाम, अस्वस्थता व जुलाब सुरू होतात.