चॅनेलची कमाई थांबली, अपील कसं कराल?

यूट्यूबची नोटीस आली की बहुतेक चॅनेलवाले 'स्ट्राइक आला' म्हणून डोक्याला हात लावतात आणि घाबरून दोन-चार व्हिडिओ उडवून टाकतात. पण स्ट्राइक येणं वेगळं आणि कमाई बंद होणं वेगळं. दोन्हींचं अपीलही वेगळ्या वाटेनं जातं. म्हणून ईमेलमधली लिंक न दाबता स्वतः YouTube Studio उघडावं. नोटीस खरी असेल तर ती तिथे दिसतेच. शिवाय खोट्या नोटिशी पाठवून पासवर्ड लांबवणारे काही कमी नाहीत.

नियमभंगाचा स्ट्राइक एका विशिष्ट व्हिडिओवर येतो. त्याआधी सहसा एक ताकीद मिळते. पहिल्या स्ट्राइकला आठवडाभर नवीन व्हिडिओ टाकता येत नाही आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेलच बंद होतं. व्हिडिओ काढून टाकला म्हणून स्ट्राइक पुसला जात नाही. कॉपीराइटचा स्ट्राइक आणखी निराळा. तिथे समोर दुसरा हक्कदार उभा असतो आणि त्याच्याविरुद्ध प्रतिदावा केला तर तुमचं नाव-पत्ता त्याच्या हाती जातो.

मराठी चॅनेलवाल्यांना सगळ्यात जास्त कोड्यात टाकते ती मात्र Reused content असं कारण दिलेली नोटीस. यात स्ट्राइक नसतो, व्हिडिओ जागेवर असतात, फक्त कमाई थांबते. ठपका एका व्हिडिओवर नसून अख्ख्या चॅनेलवर असतो.

समजा, कुडाळकडचा एक तरुण जत्रांमध्ये दशावताराचे प्रयोग चित्रित करून चॅनेलवर टाकतो. कॅमेरा त्याचा, रात्रीचं जागरण त्याचं, मंडळाची परवानगीही घेतलेली. तरी नोटीस येते. तो म्हणतो, "अहो, परवानगीचं पत्र आहे माझ्याकडे!" पत्र खरंच असेल, पण ते कॉपीराइटच्या भांडणात कामाचं. इथे प्रश्न एवढाच असतो की या व्हिडिओंत चॅनेलवाल्याचं स्वतःचं काम कुठे दिसतं?

आता तपासणाऱ्याच्या जागी बसून बघा. तो सगळे व्हिडिओ पाहत बसत नाही. चॅनेलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले आणि सर्वांत नवे व्हिडिओ, ज्यांवर पाहण्याचा सर्वाधिक वेळ खर्च झालाय ते व्हिडिओ, शीर्षकं, वर्णनं आणि चॅनेलची माहिती, एवढ्यावर त्याची नजर असते. त्याला दिसतं काय? एका जागी रोवलेला कॅमेरा, रंगमंचावर दुसरेच कलाकार, चॅनेलवाल्याचा ना चेहरा ना आवाज. वर त्याचेच तुकडे इतरांनी उचलून आपापल्या चॅनेलवर टाकलेले. मूळ कुणाचं, हे त्याला कळणार कसं?

तेच अपिलात दाखवायचं असतं. कमाई बंद झाल्यापासून 21 दिवसांच्या आत Studio मधल्या Earn या भागातून अपील करता येतं. त्यासाठी पाच मिनिटांहून कमी लांबीचा नवा व्हिडिओ त्याच चॅनेलवर Unlisted ठेवून चढवायचा. पहिल्या 30 सेकंदांत चॅनेलचा पत्ता, म्हणजे URL, सांगायचा किंवा दाखवायचा. लोक इथेच चुकतात. ते हात जोडून घरची परिस्थिती सांगतात. त्याचा उपयोग शून्य, कारण तपासणाऱ्याला पुरावा हवा असतो.

आपल्या तरुणाने कॅमेऱ्यासमोर येऊन नोटिशीतलं कारण वाचून दाखवावं. मग स्टँड कुठे लावतो, पेटी-पखवाजाचा आवाज कसा घेतो, हे प्रत्यक्ष जत्रेत दाखवावं. त्यानंतर संगणकावर एका प्रयोगाच्या मूळ फाइली उघडाव्यात आणि त्यांतून तयार व्हिडिओ कसा झाला, हे संकलनाच्या पट्टीवर दाखवावं. दोन-तीन वेगवेगळ्या व्हिडिओंची अशी उदाहरणं द्यावीत, कारण निवाडा पूर्ण चॅनेलचा व्हायचा असतो.

त्याच चॅनेलवर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या क्लिपा जोडून केलेले व्हिडिओही असतील, तर मात्र अपील लंगडं पडतं. तेव्हा ते व्हिडिओ काढून, वर्णनं सुधारून, पुढे मुदत मिळेल तेव्हा नव्याने अर्ज करणं शहाणपणाचं. दोन्ही वाटा एकदम चालू नयेत. 'माझं चॅनेल आहे तसंच नियमात बसतं' असं अपिलात म्हणायचं आणि मागून व्हिडिओ उडवायचे, हे विसंगत दिसतं.

निकाल साधारण 14 दिवसांत येतो. तोवर नवे व्हिडिओ टाकायला हरकत नाही. अपिलाला एक पैसाही लागत नाही, तेव्हा 'कमाई परत सुरू करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका आणि चॅनेलचा पासवर्ड तर मुळीच नको.