छतावरील सौर विजेची बचत कशी मोजावी?

भुशीसारख्या अतिपावसाच्या गावी केवळ एप्रिलमधील वीजनिर्मितीला बाराने गुणून वर्षाचा हिशेब करू नये. आषाढ-श्रावणात ढगांमुळे निर्मिती फार घटते. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधील बाराही महिन्यांचे स्क्रीनशॉट ठेवून त्यांतील युनिटांची बेरीज करावी.

समजा, ३ किलोवॅटच्या संचाची वार्षिक निर्मिती ३,६०० युनिट आली आणि पूर्वीच्या बिलांवरून घरचा वार्षिक वापर ३,००० युनिट निघाला. बचत ३,००० युनिटांचीच धरावी. वर्षअखेरच्या शिल्लक युनिटांना अल्प दर मिळतो. बिलातील स्थिर आकार वाचत नाही. तो वगळून प्रतियुनिट दर काढावा. तो १० रुपये असल्यास वार्षिक बचत ३०,००० रुपये होते. संचाची किंमत १,८०,००० रुपये असून, २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपये अनुदान मिळाले असल्यास, उरलेले १,०२,००० रुपये सुमारे ३ वर्षे ५ महिन्यांत भरून निघतात.