नियम नक्की, अर्थ संशयित

महाराष्ट्र शासनाने 1962 साली मान्य केलेल्या लेखननियमांनुसार शब्दाच्या अंती येणारा इकार वा उकार दीर्घ लिहिला जातो. त्यामुळे ‘घिवलि गावात दिन कुटुंबे राहतात’ या वाक्यातील ‘घिवलि’ची चूक, ‘आणि’, ‘परंतु’ असे अपवाद यादीत ताडून, संगणकाला अक्षरावरूनच ठरवता येते. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब हे दोन्ही शब्द शुद्ध असल्याने तेथे मात्र संदर्भच पाहावा लागतो. म्हणून तपासणीचा निकाल असा असावा:

```
घिवलि → घिवली [नियम: नक्की]
दिन / दीन? [अर्थ: संपादकाने ठरवावे]
```

दोहोंखाली एकच लाल रेघ ओढली, तर घाईतला संपादक ‘महाराष्ट्र दिन’सुद्धा ‘दीन’ करून बसतो. अर्थात, अपवादांची यादी अपुरी असेल, तर ‘नक्की’ हा शिक्काही खोटा ठरतो.