हप्ता तोच, कर्ज मात्र हलेना

4 मे 2022 रोजी, पतधोरणाची ठरलेली तारीख नसतानाही, रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 4.40 टक्क्यांवर नेला. बँका रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने अल्पकाळासाठी पैसे उचलतात, तो हा दर. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 टक्क्यांवर पोचला होता. नुकतंच घर घेतलेल्या लाखो कुटुंबांच्या हप्त्याची रक्कम मात्र बहुतेकदा जागची हलली नाही. गोम तिथेच होती.

समजा, नाशिकच्या एका जोडप्याने मार्च 2022 मध्ये 30 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी घेतलं. दर फ्लोटिंग, म्हणजे रेपो अधिक 3 टक्के. त्या वेळी 7 टक्के. हप्ता 23,259 रुपये. बँकांची फ्लोटिंग गृहकर्जं ऑक्टोबर 2019 पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने ठरवावा लागतो. या जोडप्याचा दर जुलैत 7.9, ऑक्टोबरात 8.9, जानेवारीत 9.25 आणि एप्रिल 2023 मध्ये 9.5 टक्के झाला.

हप्ता तोच ठेवला, तर पहिल्या वर्षात त्यांनी सुमारे 2 लाख 79 हजार रुपये भरले. त्यातून मुद्दल फिटलं अवघं 33 हजार! एप्रिलमध्ये तर महिन्याचं व्याजच 23,488 रुपये झालं, म्हणजे हप्त्यापेक्षा 229 रुपये जास्त. दरमहा इमानेइतबारे पैसे भरायचे आणि कर्ज मात्र वाढत जायचं, अशी ही अवस्था. उरलेल्या 19 वर्षांत कर्ज फेडायचं तर आता हप्ता 28,151 रुपये हवा.

दर वाढला की हप्ता न वाढवता मुदत लांबवणं ही बँकांची जुनी सवय. ग्राहकाच्या खिशाला लगेच चटका बसत नाही, त्यामुळे तक्रारही होत नाही. म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ग्राहकाला निवडू द्यावं आणि हप्ता निदान व्याजाला तरी पुरेल हे बँकेने पाहावं. दर तिमाहीला मिळणाऱ्या विवरणात किती हप्ते उरले तेही द्यावं लागतं. त्यातला हा आकडा गेल्या वेळेपेक्षा वाढलेला दिसला, तर हप्ता स्थिर असूनही दरवाढ आपल्यापर्यंत पोचली आहे असं समजावं.

मग त्यांनी फिक्स्ड दर घेतला असता तर? फिक्स्ड दर सुरुवातीला जास्तच असतो, कारण पुढच्या दरवाढीचा धोका बँक स्वतःकडे घेते आणि त्याची किंमत आधीच लावते. उदाहरणापुरता तो 8.5 टक्के धरला, तर हप्ता 26,035 रुपये. पहिले सहा महिने हे जोडपं तोट्यात राहिलं असतं. ऑक्टोबर 2022 नंतर मात्र फ्लोटिंग दर त्याच्या पुढे गेला आणि जून 2025 पर्यंत पुढेच राहिला. म्हणजे फिक्स्डवाल्याचा फायदा. तोही नेमका मुद्दल सर्वांत मोठं असताना. पण हा फायदा 2022 च्या मार्चचा. हेच जोडपं 2023 मध्ये चढ्या दराला फिक्स्ड झालं असतं, तर पुढची घट त्यांनी बाहेरूनच पाहिली असती. शिवाय ‘फिक्स्ड’ म्हणून विकलेली बरीच कर्जं दोन-तीन किंवा पाच वर्षांपुरतीच फिक्स्ड असतात, पुढे फ्लोटिंग होतात. मधेच फेडायचं ठरवलं, तर फिक्स्ड कर्जावर दंड लागू शकतो. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग गृहकर्जावर तो लावता येत नाही.

चित्र उलटलं ते 2025 मध्ये. फेब्रुवारी ते डिसेंबरमध्ये रेपो 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आला. आता चिमटा बँकेला बसला: कर्जांचे दर तीन महिन्यांत उतरतात, पण आधीच घेतलेल्या मुदत ठेवींवर जुनं, चढं व्याज मुदत संपेपर्यंत द्यावंच लागतं. दर चढत असताना याच व्यवस्थेने बँकेला हात दिला होता.

नाशिकच्या जोडप्याने मधल्या काळात 28,151 चा हप्ता भरला असेल, तर जानेवारी 2026 मध्ये त्यांचा दर 8.25 टक्के होतो आणि बाकी सुमारे 27 लाख 76 हजार राहते. उरलेल्या 195 महिन्यांसाठी हप्ता 25,888 पर्यंत खाली आणता येतो. महिन्याला सव्वादोन हजारांची मोकळीक. की हप्ता तोच ठेवायचा? तसं केलं तर कर्ज 166 महिन्यांत संपतं, अडीच वर्षं आधी, आणि पुढे दर बदलला नाही तर एकूण भरण्यात जवळपास 3 लाख 95 हजार वाचतात.